राफ्टखालच्या स्प्रिंगा

इमारतीचा पाया आखायला बसलेल्या इंजिनीअरच्या टेबलावर सॉइल रिपोर्ट असतो. त्याच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा दोन आकडे ठळक छापलेले दिसतात. पहिला एसबीसीचा, म्हणजे या जमिनीवर चौरस मीटरला किती टन भार सुरक्षितपणे टाकता येईल, याचा. हा आकडा बिल्डरपासून सेंट्रिंगच्या मुकादमापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. दुसरा आकडा ‘मॉड्युलस ऑफ सबग्रेड रिअ‍ॅक्शन’चा. त्याला सगळे नुसते ‘के’ म्हणतात. तो संगणकात भरला की अख्ख्या राफ्टच्या सळया ठरतात. पण हा ‘के’ आला कुठून आणि तो नेमका कशाचा आकडा आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. पाया बिघडवणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात असते.

आधी राफ्ट म्हणजे काय ते पाहू. जमीन मऊ असली की प्रत्येक खांबाखालचे फुटिंग मोठे करावे लागते. ती इतकी मोठी होतात की एकमेकांना भिडायला येतात. मग वेगवेगळी फुटिंग घालण्याऐवजी साऱ्या इमारतीखाली एकच जाड काँक्रीटची लादी घालतात. तोच राफ्ट. खांब त्याला जागोजागी खाली दाबतात आणि जमीन त्याला खालून वर ढकलते. खांबापाशी राफ्टचा तळ ताणला जातो, म्हणून तिथे सळया तळाशी लागतात. दोन खांबांच्या मधे लादी वर फुगू पाहते, म्हणून तिथे सळया वरच्या बाजूला लागतात.

खांबांचा भार आपल्याला ठाऊक असतो. जमीन कुठे किती जोराने ढकलते तेही ठाऊक असते, तर पुढचे काम साध्या गणिताचे झाले असते. पण इथे एक गाठ आहे. जमिनीचा दाब राफ्ट किती वाकतो यावर ठरतो आणि राफ्ट किती वाकतो ते जमिनीच्या दाबावर ठरते.

ही गाठ सोडवण्याची युक्ती रेल्वेच्या रुळांतून आली. एमिल विंकलर या अभियंत्याने १८६७ साली प्राग इथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मानले, की रूळ जणू एकाला एक लागून उभ्या केलेल्या असंख्य स्प्रिंगांवर टेकला आहे. ज्या जागी रूळ जेवढा खाली जाईल, त्या जागची स्प्रिंग त्याच प्रमाणात वर ढकलेल. दाब आणि खचणे यांचे हे प्रमाण म्हणजेच ‘के’:

k = p / s

इथे p म्हणजे जमिनीवरचा दाब आणि s म्हणजे त्या दाबाखाली जमीन किती बसली ते अंतर. चौरस मीटरला १० टन दाबाखाली जमीन ५ सेंटिमीटर बसली, तर ‘के’ झाला १० भागिले ०.०५, म्हणजे घनमीटरला २०० टन. एवढे मानले की राफ्टची एक पट्टी कापून तिला स्प्रिंगांवर टेकलेली तुळई समजता येते. अशा तुळईचे समीकरण कागदावर सुटते.

प्लेटचा ‘के’ आणि राफ्टचा ‘के’

एक उदाहरण घेऊ. तळमजला आणि वर सात मजले अशी इमारत आहे. राफ्ट २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड. खांब एकमेकांपासून पाच-पाच मीटरवर, तीन रांगांत पाच-पाच, एकूण पंधरा. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक खांबावर २५० टन भार धरू. एकूण भार ३७५० टन, म्हणजे जमिनीवर चौरस मीटरला १० टन. राफ्टखाली १० मीटर घट्ट चिकणमाती आणि त्याखाली कडक मुरूम आहे.

साइटवर प्लेट लोड टेस्ट होते. ३० सेंटिमीटरची चौकोनी लोखंडी प्लेट खड्ड्याच्या तळाशी ठेवून वरून जॅकने दाबतात आणि ती किती बसली ते डायल गेजवर वाचतात. समजा चौरस मीटरला १० टन दाबाखाली प्लेट २ मिलिमीटर बसली. ‘के’ आला ५०००. आता हाच आकडा राफ्टला लावला, तर अर्थ असा होतो, की आठ मजल्यांची इमारत २ मिलिमीटर बसेल आणि थांबेल.

तसे होत नाही. प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत जाणवतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या प्लेटने फार तर ६० सेंटिमीटर माती तपासली. राफ्टची रुंदी १५ मीटर. त्याचा दाब चिकणमातीच्या सगळ्या १० मीटर थराला जाणवतो आणि तो सगळा थर दाबला जातो. दाब तेवढाच, पण दबणारी माती कितीतरी जास्त, त्यामुळे बसणेही जास्त. बोअरहोलमधून काढलेल्या नमुन्यांवरून थरवार हिशेब केला आणि राफ्ट सरासरी ५० मिलिमीटर बसेल असे निघाले, तर राफ्टचा ‘के’ २०० ठरतो. माती तीच, पण ‘के’मध्ये पंचवीसपट फरक.

म्हणून ‘के’ हा घनता किंवा ओलावा यांसारखा मातीचा स्वतःचा गुण नाही. ती माती, तिच्यावरच्या पायाची रुंदी आणि खालच्या थराची जाडी, या तिन्हींचा मिळून तो आकडा असतो. कार्ल टेरझागी यांनी १९५५ साली या विषयावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात एक फूट रुंदीच्या प्लेटचा ‘के’ मोठ्या पायासाठी कसा बदलावा हे सांगितले. घट्ट चिकणमातीत तो रुंदीच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. तो नियम आपल्या राफ्टला लावला तर ५००० चे १०० होतात. आपल्याकडे २०० आले, कारण १० मीटरवर कडक मुरूम लागला आणि त्याखाली दबायला फारसे काही उरले नाही. नियमाचे सूत्र पाठ असले तरी खालचे थर पाहावेच लागतात, ते यासाठी.

रस्त्यांच्या कामातही हाच ‘के’ वापरतात. काँक्रीट रस्त्याच्या जाडीसाठी ७५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटने तो मोजतात आणि १.२५ मिलिमीटर बसण्यापर्यंतचा दाब धरतात. तिथे ते योग्य आहे, कारण चाकाचा भार लहानशा जागेवर येतो आणि क्षणात निघून जातो. इमारतीचा भार मोठ्या क्षेत्रावर येतो आणि वर्षानुवर्षे राहतो. चिकणमातीतले पाणी हळूहळू निघत राहते आणि बसणे चालूच राहते. रस्त्याचा ‘के’ उचलून राफ्टला लावणे ही जुनी आणि अजूनही होणारी चूक आहे.

चूक कुठे लपते, कुठे उघडी पडते

आता राफ्टच्या मधल्या रांगेखालची ५ मीटर रुंदीची पट्टी काढू. ती २५ मीटर लांब आहे आणि तिच्यावर पाच खांब आहेत. ही पट्टी स्प्रिंगांवर कशी वागेल ते एका राशीवरून कळते:

λ = (kB / 4EI)^(1/4)

B म्हणजे पट्टीची रुंदी आणि EI म्हणजे काँक्रीटच्या पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध. १/λ ही लांबी असते. एका खांबाचा भार राफ्ट दोन्ही बाजूंना साधारण किती दूर वाटून देतो, याचा अंदाज ती देते. आपल्या पट्टीसाठी ‘के’ २०० धरला तर ही लांबी सुमारे ६ मीटर येते, ५००० धरला तर पावणेतीन मीटर. खांबांतले अंतर या लांबीच्या पावणेदोन पटीपेक्षा कमी असले तर राफ्ट ताठ मानतात, जास्त असले तर लवचीक. आपले खांब ५ मीटरवर आहेत. ‘के’ २०० असता मर्यादा पावणेअकरा मीटरची येते, म्हणजे राफ्ट ताठ. ‘के’ ५००० असता ती ४.८ मीटर येते, म्हणजे तोच राफ्ट लवचीक. कोणत्या पद्धतीने आराखडा करायचा, हा निर्णयच एका आकड्याने फिरतो.

एवढे असूनही सळया ठरवणारा बेंडिंग मोमेंट, म्हणजे राफ्टला वाकवणारा जोर, फारसा बदलत नाही. पाचही खांबांवर समान भार असताना मधल्या खांबाखाली तो ‘के’ २०० ला ११० टन-मीटर येतो आणि ५००० ला १०१. ‘के’ पंचवीसपट बदलला तरी फरक दहा टक्क्यांच्या आत. त्याचे एक कारण सूत्रातच आहे. ‘के’चे चौथे मूळ घेतले जाते आणि पंचवीसचे चौथे मूळ जेमतेम सव्वादोन. दुसरे कारण असे, की खांब सारखे आणि सारख्या अंतरावर असले की शेजाऱ्यांचे परिणाम एकमेकांना बरेचसे छेदून टाकतात.

त्यामुळे कित्येक राफ्ट चुकीच्या ‘के’वर आखले जाऊनही धड उभे आहेत. टेरझागींनीही हे स्पष्ट केले होते, की स्प्रिंगांच्या गणितातून येणारे वाकवणारे जोर कामापुरते भरवशाचे असतात, पण बसण्याचा अंदाज त्यातून काढू नये.

मात्र हा दिलासा खांब सारखे असेपर्यंतच टिकतो. समजा मधल्या खांबाच्या जागी लिफ्टचा गाभा आला आणि तिथे २५० ऐवजी ५०० टन उतरले. जादा २५० टनांचा मोमेंट आता एकट्याचा आहे, त्याला छेदणारा शेजारी नाही. ‘के’ २०० असेल तर या जादा भाराने सुमारे ४०० टन-मीटर वाढतात. ‘के’ ५००० धरला तर १७२ च वाढतात. ज्याने प्लेटचा ‘के’ जसाच्या तसा वापरला, त्याने ऐन गाभ्याखाली लागणाऱ्या जादा सळयांपैकी निम्म्याहून कमी धरल्या. त्याच्या हिशेबात गाभा आजूबाजूपेक्षा दोन मिलिमीटरही जास्त बसत नाही. २०० च्या हिशेबात तो सुमारे २२ मिलिमीटर जास्त बसतो. तेवढ्याने वरच्या तुळयांना आणि विटांच्या भिंतींना तडे जायला सुरुवात होऊ शकते.

जमीन आहे त्याहून कडक मानली की ती प्रत्येक खांबाला जागच्या जागी झेलते, असे गणितात दिसते आणि राफ्टला काम कमी उरते. म्हणून भार असमान असताना फुगवलेला ‘के’ धोक्याच्या बाजूला नेतो.

एकमेकींना न ओळखणाऱ्या स्प्रिंगा

‘के’ अचूक काढला तरी विंकलरच्या कल्पनेत एक उणीव राहते. त्याच्या स्प्रिंगा सुट्या आहेत. एक दाबली तर शेजारचीला त्याचा पत्ता लागत नाही. माती तशी नसते. कापसाच्या गादीवर बसले की बाजूचा भागही आपल्याबरोबर खाली ओढला जातो, तसे एका जागी भार टाकला की आजूबाजूची जमीनही बसते. राफ्टच्या मध्याखालच्या मातीला चारही बाजूंच्या भाराचा वाटा सोसावा लागतो. कडेखालच्या मातीला एकाच बाजूचा आणि कोपऱ्याखालच्या मातीला त्याहून कमी. त्यामुळे सगळीकडे सारखा भार असला तरी मध्य जास्त बसतो, कडा कमी आणि राफ्ट बशीसारखा खोलगट होतो.

सगळीकडे सारख्या स्प्रिंगा घातलेल्या संगणकाला हे दिसतच नाही. सारखा भार आणि सारख्या स्प्रिंगा म्हणजे बसणेही सारखे. खांबाखांबांमधली थोडीशी लाट सोडली तर राफ्ट सपाटच खाली जातो, असे तो दाखवतो.

या खोलगटपणाची किंमत आपल्याच पट्टीवर काढता येते. समजा पट्टीचा मध्य कडेपेक्षा २० मिलिमीटर जास्त बसला. साडेबारा मीटरमध्ये २० मिलिमीटर म्हणजे ६२५ मध्ये एक असा उतार. ५०० मध्ये एक या नेहमीच्या मर्यादेच्या आत तो बसतो, म्हणून कोणी हरकतही घेणार नाही. पण पट्टीला एवढी वाकवायला सुमारे ९० टन-मीटर लागतात. काँक्रीटला सूक्ष्म तडे जातात आणि ते कायमच्या भाराखाली सावकाश सैल होत जाते. म्हणून त्याचा विरोध निम्माच धरला, तरी ४५ उरतात. मधल्या खांबाखालचे ११० आता १५५ च्या घरात जातात.

खांबांच्या मधे याहून मोठा फरक पडतो. सारख्या स्प्रिंगांनी तिथे ४३ टन-मीटर दाखवले होते. तो ताण राफ्टच्या वरच्या बाजूला होता, म्हणून सळया वर घातल्या. खोलगटपणाचे ४५ उलट दिशेने, तळ ताणणारे आहेत. बेरीज जवळजवळ शून्य होते आणि खोलगटपणा थोडा वाढला की तळ ताणला जातो. म्हणजे जिथे तळाला किमान सळया ठेवून भागवले होते, नेमकी तिथेच त्यांची गरज निघते. हा हिशेब ढोबळ आहे, कारण वरच्या भिंती आणि तुळयाही वाकण्याला विरोध करतात. पण दिशा बदलू शकते, हे कळायला तो पुरेसा आहे.

मग करायचे काय

यावर रुळलेला एक उपाय आहे. राफ्टचे आतला आणि बाहेरचा असे पट्टे पाडायचे. आतल्या स्प्रिंगा नरम ठेवायच्या आणि कडेच्या साधारण दुप्पट कडक. सरासरी मात्र आधीचीच राखायची. आपल्या राफ्टचे क्षेत्र आत आणि बाहेर असे निम्मे-निम्मे वाटले, तर आत १३३ आणि बाहेर २६७ घालता येतील. सरासरी २०० च राहते, पण मध्य आता कडेपेक्षा जास्त बसतो आणि हरवलेला खोलगटपणा गणितात परत येतो.

राफ्ट मोठा किंवा खांबांचे भार फार असमान असतील तर एवढ्यावर थांबता येत नाही. मग स्ट्रक्चरल आणि सॉइल अशा दोन्ही इंजिनीअरांना एकत्र बसावे लागते. अंदाजाच्या ‘के’वरून पहिला मांडतो, की राफ्टखाली कुठे किती दाब येतो. त्या दाबांखाली जमीन कुठे किती बसेल, ते दुसरा थरांवरून काढतो. प्रत्येक जागी नवा दाब भागिले नवे बसणे, असा नवा ‘के’ मिळतो. तो पुन्हा संगणकात जातो. दोघांची बसण्याची आकृती जुळेपर्यंत ही देवाणघेवाण चालते आणि बहुधा थोड्याच फेऱ्यांत ती जुळते. शेवटी ठरलेल्या ‘के’च्या निम्म्याने आणि दुपटीने पुन्हा हिशेब करून प्रत्येक जागी येणारा मोठा मोमेंट सळयांसाठी धरतात. मातीच्या आकड्यांत एवढी अनिश्चितता असतेच.

चूक पकडण्याच्या काही खुणा उत्तरातच सापडतात. संगणकाने दाखवलेले बसणे सॉइल रिपोर्टमधल्या बसण्याशी ताडून पाहावे. रिपोर्ट ५० मिलिमीटर म्हणत असेल आणि संगणक २, तर ‘के’ बहुधा प्लेटचा आहे. सगळ्या स्प्रिंगांच्या जोरांची बेरीज इमारतीच्या भाराएवढी भरते का, ते पाहावे. राफ्टची कड कुठे वर उचललेली दिसली तर तिथली स्प्रिंग राफ्टला खाली ओढते आहे, असा अर्थ होतो. माती ओढू शकत नाही. अशा जागी स्प्रिंग काढून किंवा फक्त दाब घेणारी स्प्रिंग घालून हिशेब पुन्हा करावा लागतो. आणि सारख्या भाराखाली संपूर्ण राफ्ट अगदी सपाट बसताना दिसला, तर कडेच्या स्प्रिंगा वेगळ्या केलेल्या नाहीत हे समजावे.

एक चूक कागदावरच, सॉइल रिपोर्ट लिहिला जातानाच रोखता येते. रिपोर्टात ‘के’ एकटा लिहू नये. किती दाबाखाली, किती रुंदीच्या पायासाठी आणि किती बसणे धरून तो काढला, हे त्याच ओळीत लिहावे. पुढे राफ्ट १५ ऐवजी ३० मीटर रुंद झाला किंवा दोन मजले वाढले, तर जुना ‘के’ बाद झाला, हे मग कोणालाही त्या ओळीवरूनच दिसेल. तेवढी ओळ नसेल तर राफ्टचे चित्र काढायला घेण्यापूर्वी रिपोर्ट परत पाठवून ती मागून घ्यावी. त्यात फार तर चार दिवस जातात. राफ्ट ओतून झाल्यावर मात्र त्याच्या पोटात सळई घालता येत नाही.